मॅनेजरचा ओरडा आणि लेखी सूचना: हॉटेलातल्या स्वच्छतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सांगली-मिरज परिसरातल्या हॉटेलांचे मालक, मॅनेजर आणि त्यांच्यासाठी लिखापढी करणारी माणसं यांच्यासाठी आहे. रात्री गल्ला बंद करता करता मॅनेजर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर संतापून पाच-सहा मेसेज टाकतो आणि दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो, "हे जरा नीट लिहून किचनमध्ये लावा." ते नीट लिहायचं कसं, हे इथे एकाच नमुन्यावरून सांगितलं आहे.

तोच मेसेज प्रिंट काढून भिंतीला चिकटवला तर काय बिघडतं?

ओरड्यात राग पोचतो, काम पोचत नाही. "किती वेळा सांगायचं" हे वाचून आचाऱ्याला एवढंच कळतं की साहेब चिडलेत. रात्री उरलेल्या रश्शाचं किती वाजता काय करायचं, हे त्यात कुठेच नसतं. शिवाय ओरडा त्या रात्री हजर असलेल्यांना उद्देशून असतो. महिनाभराने कामाला लागलेल्या पोराला त्यातून काहीच उमगत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. भिंतीवरच्या अपमानाने माणसं चूक लपवायला शिकतात. स्वच्छतेच्या कामात लपवलेली चूक थेट गिऱ्हाइकाच्या पोटात जाते. बोट कापलेला पोऱ्या बोलला नाही किंवा जुलाब होत असलेला वेटर गप्प राहिला, तर भिंतीवर काहीही लिहिलेलं असो, उपयोग होत नाही.

नमुना मेसेज कोणता घेतलाय?

खालचा मेसेज या पानासाठी रचला आहे. विश्रामबागेच्या बाजूला मटण थाळी देणारं मध्यम आकाराचं हॉटेल डोळ्यांसमोर आणा.

> किती वेळा सांगायचं रे तुम्हाला? कालचा पांढरा रस्सा अन् अळणी रातभर टोपात तशीच. सकाळी झाकण काढलं तर वास मारतोय. अन् तेच परत कोमट करून लावायला निघालाव? माणसं मारायची हायत का?
> चिकन कापलं त्याच पाटावर काकडी-कांदा. लाज कशी वाटत नाही?
> बोटाला चिंधी बांधून कणीक मळतोय एक जण. दिसत नाही का मला?
> वेटर लोकांनो, चार-चार ग्लास बोटं घालून उचलता. खांद्यावरचं फडकं, त्यानंच टेबल, त्यानंच ताट, त्यानंच तोंड. गिऱ्हाईक बघतंय, जरा तरी.
> उद्यापासून ज्याचं दिसेल त्याचे पाचशे कापणार. जरा स्वच्छता ठेवा, नीट हात धुवा.

मेसेज कडक आहे, पण मॅनेजरची नजर चांगली आहे. त्याने टिपलेल्या चारही गोष्टी खऱ्या धोक्याच्या आहेत. लिहिणाऱ्याने ती नजर जपायची आणि आवाज बाजूला ठेवायचा.

मेसेजमधलं काय उचलायचं आणि काय सोडायचं?

प्रत्येक वाक्य हातात घेऊन ठरवा, ही पाहिलेली गोष्ट आहे, आरोप आहे, धमकी आहे की हुकूम आहे. "टोपात रातभर तशीच" ही पाहिलेली गोष्ट. "लाज वाटत नाही" हा आरोप. "पाचशे कापणार" ही धमकी. "नीट हात धुवा" हा हुकूम, पण अर्धवट.

पाहिलेल्या गोष्टीतून सूचना तयार होते. आरोप सूचनेत घ्यायचा नाही. तो एखाद्या माणसाबद्दल असेल तर मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन समोरासमोर बोलावं. धमकी वेगळ्या कागदाचा विषय आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. अर्धवट हुकूम पूर्ण करण्यासाठी चार गोष्टी विचारून घ्याव्या लागतात: हे कुणी करायचं, केव्हा करायचं, किती किंवा कशाने करायचं, आणि झालं की नाही हे कोण कसं पाहणार.

या चारपैकी एकाचं उत्तर मिळत नसेल तर तिथे बहुतेक वेळा एखादी वस्तू नसते. हात धुवायच्या बेसिनवर साबण नसतो, किचनमध्ये थर्मामीटर नसतो, पाट एकच असतो. म्हणून मी लिहायला बसण्याआधी किचनमध्ये एक फेरी मारतो. सूचनेत जी वस्तू येणार आहे ती जागेवर आहे का, हे बघतो. नसेल तर आधी मालकाकडे यादी द्यायची आणि वस्तू आल्यावरच सूचना लावायची. साबण नसलेल्या बेसिनवर "साबणाने हात धुवावेत" असा कागद लागला की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जातो.

रश्शाच्या मुद्द्यावर एवढा भर का? सकाळी उकळला तर चालत नाही का?

सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतो, म्हणून जरा खोलात जातो. मटणाच्या मोठ्या टोपात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. उकळीने ते मरत नाहीत. टोप गरम असेपर्यंत ते गप्प असतात. रस्सा थंड होत 45 अंशांच्या आसपास आला की ते जागे होतात आणि झपाट्याने वाढतात. अशा तापमानाला त्यांची संख्या दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. खोल टोपाच्या मध्यभागी हवा नसते आणि या जंतूला तेच हवं असतं. वीस लिटरचा टोप झाकून ठेवला की त्याचा मधला भाग कित्येक तास याच पट्ट्यात राहतो. एप्रिल-मेमध्ये तर सांगलीच्या किचनची हवाच चाळिशीच्या आसपास असते. टोप निवणार तरी कसा?

सकाळी रस्सा खदखदून उकळला तर वाढलेले जिवंत परफ्रिंजेन्स मरतात, हे खरं. पण मेसेजमध्ये लिहिलंय तसा तो कोमट करून लावला तर ते सगळे ताटात जातात आणि सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. त्याशिवाय हाताच्या जखमेतून किंवा नाकातून येणारा स्टॅफिलोकॉकस आणि भातात आढळणारा बॅसिलस सिरियस यांचं विष उकळीलाही दाद देत नाही. जंतू मेला तरी विष मागे राहतं. त्यामुळे "उकळलं की झालं" हा नियम सूचनेत लिहिता येत नाही.

वासाचंही तसंच आहे. मॅनेजरला सकाळी वास आला म्हणून प्रकार लक्षात आला. पण आजारी पाडणारे बरेच जंतू वास, रंग किंवा चव बदलत नाहीत. सूचना "वास आला तर टाका" अशी लिहिली तर वास न येणारा रस्सा निर्धास्तपणे ताटात जाईल. म्हणून इथे घड्याळ आणि थर्मामीटर यांवरच नियम बांधावा लागतो.

मग रश्शाची सूचना लिहायची कशी?

आधी मालकाकडून एक निर्णय घ्या: कोणता पदार्थ ठेवायचा आणि कोणता फेकायचा. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं. तो लवकर नासतो आणि दुसऱ्या दिवशी चवही राहत नाही. माझ्या मते तो ठेवूच नये. मटणाची अळणी मात्र नीट थंड केली तर ठेवता येते.

निवण्याचा नियम असा आहे: 60 अंशांपासून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. या नियमाची पाळीशी सांगड घालावी लागते. अकराला गॅस बंद केला तर दोन तास म्हणजे रात्रीचा एक. तोवर किचनमध्ये कुणी नसतं. म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची अळणी साडेनऊलाच वेगळी काढायची. एवढा बदल केला नाही तर पुढचे सगळे आकडे कागदावरच राहतात.

लिहून झाल्यावर सूचना अशी दिसेल:

> विषय: उरलेला पांढरा रस्सा आणि अळणी
>
> 1. उरलेला पांढरा रस्सा रात्री शेवटची ऑर्डर निघाल्यावर टाकून द्यावा. दुसऱ्या दिवशी वापरू नये.
> 2. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची अळणी रात्री 9.30 वाजता टोपातून वेगळी काढावी. ती स्टीलच्या उथळ ट्रेमध्ये ओतावी. थर चार बोटांपेक्षा जाड नसावा.
> 3. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावेत आणि अळणी स्वच्छ डावाने अधूनमधून हलवावी. बर्फ अळणीत टाकू नये.
> 4. 11.30 वाजता थर्मामीटरची सुई ट्रेच्या मध्यभागी बुडवून तापमान पाहावे. 21 अंश किंवा कमी असल्यास ट्रे झाकून, तारीख आणि वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवावेत. जास्त असल्यास अळणी टाकून द्यावी.
> 5. सकाळी किचन उघडणाऱ्याने ट्रेचे तापमान पाहावे. 5 अंशांपेक्षा जास्त असल्यास अळणी वापरू नये आणि मॅनेजरला कळवावे.
> 6. वापरताना अळणी खदखदून उकळावी. एकदा उकळलेली अळणी उरल्यास पुन्हा ठेवू नये.
>
> जबाबदारी: मुद्दा 1 ते 4 रात्रपाळीचे मुख्य आचारी, मुद्दा 5 सकाळी किचन उघडणारे आचारी, मुद्दा 6 मुख्य आचारी. नोंद: फ्रिजच्या दारावरील वही.
> या सूचनेनुसार टाकलेल्या मालाबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही.

शेवटचं वाक्य मालकांना खटकतं, तरी ते काढू नका. नासाडीबद्दल बोलणी खावी लागतील या भीतीनेच आचारी जुनी अळणी परत गॅसवर चढवतो. टाकण्याचा अधिकार लेखी मिळाला तरच तो हात आखडता घेत नाही.

गरम टोप थेट फ्रिजमध्ये ठेवू नये, हेही तोंडी समजावून सांगा. मोठा टोप आतून थंड होतच नाही आणि शेजारचं दही, पनीर, चिकन गरम होतं.

"जरा स्वच्छता ठेवा" आणि "नीट हात धुवा" ही वाक्यं तशीच ठेवली तर?

ती पाळली गेली की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्याने नळाखाली बोटं ओली केली त्याच्या हिशेबी हात नीटच धुतलेले असतात. त्याऐवजी हात कधी धुवायचे ते लिहा: कामावर आल्यावर, शौचालयातून आल्यावर, कच्च्या मटण-चिकनला किंवा अंड्याला हात लागल्यावर, नाक-तोंड-केसांना हात लागल्यावर, कचरा टाकून आल्यावर, नोटा किंवा मोबाइल हाताळल्यावर. आणि कसे धुवायचे तेही लिहा: साबण लावून किमान 20 सेकंद, बोटांच्या मधे आणि नखांखाली चोळून, मग एकदाच वापरायच्या कागदाने पुसून. अ‍ॅप्रनला हात पुसू नयेत, हे वेगळं लिहावं लागतं, कारण सवय तिथेच असते.

पाटाबद्दल सूचना एका ओळीत होईल का?

जवळजवळ होते. "कच्चे मटण, चिकन, मासे फक्त लाल पाटावर आणि लाल मुठीच्या सुरीने कापावेत. कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू फक्त हिरव्या पाटावर." कारण मात्र खाली लिहा, कारण या ठिकाणी कारण कळलं तर माणूस नियम मोडत नाही: चिकनवरचे जंतू चिकन शिजताना मरतात, पण काकडी-कांदा शिजत नाही, तो कच्चाच ताटात जातो. पाट पाण्याने खंगाळून भागत नाही, आधी साबणाने घासून मग जंतुनाशकाने धुवावा लागतो. चिरा पडलेला लाकडी पाट असेल तर तो बदलण्याची नोंद मालकाच्या यादीत जाते. कामगारांच्या सूचनेत ती येत नाही.

जखम आणि आजार यांवर कसं लिहायचं?

इथे शब्दांना फार जपावं लागतं. मेसेजमधलं "दिसत नाही का मला?" हे वाक्य माणसाला पट्टी लपवायला शिकवतं. आपल्याला त्याने ती येऊन दाखवायला हवी आहे. पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस असतो. कणीक मळणारे हात तो थेट अन्नात घालतात आणि त्याचं विष तव्यावरच्या उष्णतेनेही जात नाही.

> हाताला काप, भाजणे किंवा गळू असल्यास काम सुरू करण्यापूर्वी पाळीप्रमुखांना दाखवावे. साधा काप असल्यास जखम धुऊन निळी जलरोधक पट्टी लावावी, वर हातमोजा घालावा. जखम पिकलेली असल्यास अन्न हाताळण्याचे काम करू नये. त्या दिवशी दुसरे काम दिले जाईल.
> जुलाब, उलटी किंवा कावीळ असल्यास कामावर येऊ नये आणि फोनने कळवावे. जुलाब-उलटी पूर्ण थांबून 48 तास झाल्यावर कामावर यावे. कावीळ असल्यास डॉक्टरांचे पत्र घेऊन यावे. आजारपण कळवल्याबद्दल कारवाई होणार नाही.

निळी पट्टी यासाठी की अन्नात निळ्या रंगाचं काही नसतं, ती पडली तर लगेच दिसते. आजारपणाच्या दिवसांचा पगार मिळणार का, हा प्रश्न कामगार पहिल्याच दिवशी विचारतात. मालकाने आधी ठरवावं आणि सूचनेत स्पष्ट लिहावं. रोजंदारीवरचा माणूस दोन दिवसांची मजुरी बुडणार असेल तर आजार सांगणार नाही, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. पूर्ण नाही तर अर्धा पगार द्यावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वेटर लोकांसाठी वेगळा कागद हवा का?

हवा. किचनमधल्या तापमानाच्या ओळी वेटरच्या उपयोगाच्या नाहीत आणि लांबलचक कागदात त्याच्या दोन ओळी हरवतात. सर्व्हिसचा कागद पाण्याच्या कूलरजवळ किंवा ऑर्डर देण्याच्या खिडकीशी लावा.

> ग्लास ट्रेमध्ये ठेवूनच न्यावेत. ग्लास खालच्या अर्ध्या भागाला धरावा. काठाला किंवा आतल्या बाजूला बोट लागू नये. उष्टे ग्लास आणि स्वच्छ ग्लास एकाच ट्रेमध्ये नेऊ नयेत.
> टेबल पुसायला फक्त पिवळे फडके वापरावे. वापरून झाल्यावर ते जंतुनाशकाच्या बादलीत ठेवावे, खांद्यावर टाकू नये. ताट, वाटी, चमचा फडक्याने पुसू नये. जाळीवर निथळून वाळू द्यावे.
> बादलीतले पाणी दर दोन तासांनी, आणि त्याआधी गढूळ झाल्यास लगेच बदलावे. जबाबदारी: पाळीचे कॅप्टन.

"जंतुनाशकाची बादली" एवढं लिहून चालत नाही, प्रमाण द्यावं लागतं. सोडियम हायपोक्लोराइटचं 5 टक्क्यांचं द्रावण असेल तर एका लिटर पाण्याला 2 मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरच्या बादलीला 10 मिलिलिटर. यातून सुमारे 100 पीपीएम क्लोरीन मिळतं. बाटलीवरचा टक्का वेगळा असेल तर हिशेब बदलतो, म्हणून आधी लेबल वाचा आणि मोजायला टोपण किंवा सिरिंज बादलीशेजारीच बांधून ठेवा. हे द्रावण आणि शौचालय धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ही ओळ लाल अक्षरांत लिहा.

पाचशे रुपये कापण्याची धमकी सूचनेत घालायची का?

नाही. मनात येईल तसा दंड कायद्यात बसत नाही. पगारातून दंड घ्यायचा असेल तर कोणत्या चुकांवर दंड आहे ते संबंधित अधिकाऱ्याच्या मंजुरीने आधीच जाहीर करावं लागतं, त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगारातला एकूण दंड त्या पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 12,000 रुपये पगार असलेल्या माणसाचे 3 टक्के म्हणजे 360 रुपये. मेसेजमधले पाचशे तिथेच अडकतात. असा मेसेज पुढे तक्रारीत पुरावा म्हणून मालकाच्याच विरोधात उभा राहू शकतो.

चुकीवर काय होईल, ते लिहावंच लागतं, पण पायऱ्यांनी: पहिल्या वेळी पाळीप्रमुख तिथेच दाखवून देतील, पुन्हा झाल्यास मॅनेजर बोलतील आणि नोंद करतील, त्यानंतर लेखी ताकीद. हे एका परिच्छेदात, शांत भाषेत लिहा.

भाषा कशी असावी? "करण्यात यावे" की "करायचं"?

"हात स्वच्छ धुण्यात यावेत" या वाक्यात कुणाचे हात आणि कुणी धुवायचे, तेच कळत नाही. "हात धुवावेत" पुरे आहे. त्यात मान राहतो आणि काम स्पष्ट होतं. एका वाक्यात एकच काम. नकाराने सांगण्याआधी काय करायचं ते सांगा. "ग्लासात बोटं घालू नका" वाचून माणूस फक्त बोटं काढतो. "ग्लास खालच्या अर्ध्या भागाला धरा" वाचून त्याला हात कुठे ठेवायचा ते कळतं.

किचनमधले शब्द तसेच ठेवा. टोप, डाव, झारा, मोरी, कट्टा, फडकं हे शब्द रोज बोलले जातात. त्यांच्या जागी पुस्तकी शब्द आणले तर वाचणारा अडखळतो. संबोधन आदराचं असावं. मोरीवर काम करणाऱ्या मावशींना जसं समोर बोलतो तसंच कागदावर. "तू" किंवा "तुम्ही लोक" नको.

कामगारांना मराठी वाचता येत नसेल तर?

हे आपल्याकडे नेहमीचं आहे. भांडी घासायला जत-कवठेमहांकाळच्या मावशी, पोळ्यांना अथणी-कागवाडकडून आलेले कन्नड बोलणारे, तंदूरवर बिहार किंवा नेपाळचा मुलगा. कागद मराठीत ठेवा आणि त्याच ओळी हिंदीत, गरज असेल तर कन्नडमध्ये खाली द्या. पण भाषांतरापेक्षा रंग आणि चित्र जास्त काम करतात. लाल पाट, हिरवा पाट, निळी पट्टी, पिवळं फडकं हे कुणालाही वाचता येतं. ट्रेवर चार बोटांची खूण कायमची कोरून घेतली की जाडी विचारावी लागत नाही.

सूचना लावल्याच्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटं उभं राहून प्रत्येक मुद्दा करून दाखवा. मग ज्याला वाचता येत नाही त्यालाच करून दाखवायला सांगा. सगळ्यांनी "हो कळलं" म्हणणं पुरेसं नाही. थर्मामीटरची सुई ट्रेच्या मध्यभागी बुडवून आकडा वाचून दाखवला, तर कळलं समजायचं.

मॅनेजर म्हणतात, "एवढं गोड लिहिलं तर कोण ऐकणार?"

सूचना गोड नसते, नेमकी असते, एवढंच त्यांना दाखवा. त्यांच्या मेसेजमधला एक मुद्दा आणि त्याची लेखी ओळ शेजारी ठेवा. "रातभर टोपात तशीच" यापेक्षा "21 अंशांपेक्षा जास्त असल्यास टाकून द्यावी" ही ओळ कडक आहे, तिच्यात पळवाट नाही. मॅनेजरची सही आणि तारीख कागदावर घ्या आणि मुद्दे त्यांनीच मांडले असल्याचा मान त्यांना द्या. ग्रुपवरचं बोलणं लगेच थांबणार नाही. निदान प्रत्येक वेळी "सूचना 2, मुद्दा 4 पाहा" एवढं लिहायची सवय लागली तरी खूप झालं.

चुकलेल्या माणसाचं नाव लिहायचं का?

नाही. नाव पाळीप्रमुखाच्या वहीत. भिंतीवर फक्त कामाचं पद.

तपासणीला अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले तर या कागदांचा उपयोग होतो का?

होतो, पण नोंदवही सोबत असेल तर. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे. परवाना आणि नोंदणीच्या 2011 च्या नियमांतल्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि तिची नोंद ही त्यातलीच एक अट. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कायद्याच्या 56व्या कलमात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भिंतीवर सुंदर कागद आणि वही कोरी असेल तर नियम माहीत असूनही पाळला नाही, असाच अर्थ निघतो. त्यामुळे पाळता येणार नाही अशी ओळ लिहूच नका.

ग्रुपवरचे संतापाचे मेसेज हे नोंदीला पर्याय होत नाहीत. उलट, चूक माहीत होती आणि उपाय केला नाही, हे त्यातून दिसतं.

सूचना पाळली जातेय हे कसं ओळखायचं?

वहीतले आकडे बघा. रोज रात्री नेमके 20 अंश आणि रोज सकाळी नेमके 4 अंश लिहिलेले दिसले, तर कुणीतरी एका बसणीत पानं भरली आहेत. खरे आकडे वरखाली होतात, उन्हाळ्यात चढतात, आणि महिन्यातून एखाद्या रात्री "25, टाकली" असंही लिहिलेलं असतं. अशी नोंद दिसली की त्या आचाऱ्याला मॅनेजरने सगळ्यांसमोर शाबासकी द्यावी.

थर्मामीटरही तपासावा लागतो. ग्लासभर चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून सुई बुडवली तर शून्याच्या आसपास आकडा आला पाहिजे. दोन अंशांहून जास्त फरक असेल तर तो बदलावा. हे महिन्यातून एकदा, एक तारखेला, असं सूचनेतच लिहून ठेवलं की विसरत नाही.

सूचना किती दिवसांनी बदलायची?

मेनू, पाळी किंवा जागा बदलली की लगेच. पावसाळ्यात कृष्णेला पूर येऊन पाणीपुरवठा बिघडला की पाण्याच्या टाकीची आणि बर्फाची सूचना त्याच दिवशी वेगळी काढावी लागते: बर्फ फक्त शुद्ध केलेल्या पाण्याचा, टाकी धुतल्याची तारीख टाकीवर. एरवी सहा महिन्यांनी आचारी, कॅप्टन आणि मावशी यांना घेऊन कागद एकदा वाचावा आणि कुठली ओळ जमत नाही ते विचारावं. जुना कागद भिंतीवरून काढून मगच नवा लावावा, आणि नव्या कागदावर तारीख वरच्या कोपऱ्यात, ठळक.